क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढायची वेळ आलीच तर

कापूस वेचणीचा हंगाम. बाजाराच्या दिवशी मजुरांना रोखच द्यावी लागते आणि व्यापाऱ्याकडून पट्टीचे पैसे यायला अजून वीस दिवस आहेत. अशा वेळी अमळनेर-चोपड्याकडच्या शेतकऱ्याला खिशातलं क्रेडिट कार्ड आठवतं. समजा, त्याला १०,००० रुपये हवे आहेत.

यंत्रापाशी जाण्याआधी हातातलं कार्ड कोणतं आहे ते बघा. किसान क्रेडिट कार्डाच्या नावातही क्रेडिट कार्ड आहे, पण ते पीककर्जाचं खातं असतं. मंजूर मर्यादेतल्या पीककर्जावर सवलतीचा व्याजदर वर्षाला ७ टक्के असतो आणि वेळेवर फेडलं तर तो ४ टक्क्यांवर येतो. खरेदीसाठी बँकेनं दिलेल्या क्रेडिट कार्डावर हाच दर महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला ४५ टक्क्यांपर्यंत. किसान कार्डात मर्यादा शिल्लक असेल तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही, तिथूनच काढा.

तसं नसेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी पाहा. एक, रोख काढण्याची मर्यादा. कार्डाची मर्यादा एक लाख असली तरी रोखीसाठी त्यातला थोडाच भाग मोकळा असतो. दुसरी, शुल्काचा तक्ता. बऱ्याच बँका काढलेल्या रकमेच्या २.५ टक्के आकारतात, पण कमीत कमी ५०० रुपये घेतातच. घोळ होतो तो इथे. १०,००० चे अडीच टक्के २५० होतात, तरी द्यावे लागतात ५००, वर १८ टक्के जीएसटीचे ९०. म्हणजे नोटा हातात पडताच ५९० रुपये गेले. म्हणून काढायचेच असतील तर एकदाच काढा. आज पाच हजार, पुढच्या बाजाराला पाच हजार असं केलंत तर ५९० दोनदा जातील.

एटीएमवर बाकी सगळं डेबिट कार्डासारखंच: कार्ड घाला, क्रेडिट कार्डाचा पिन द्या, रक्कम टाका. पिन आधी तयार केलेला नसेल तर तो अ‍ॅपमधून घरीच करून निघा. पावती जपून ठेवा, तारीख पुढे लागणार आहे.

आता व्याज. कार्डावर खरेदी केली आणि बिल मुदतीत पूर्ण भरलं तर व्याज लागत नाही, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. रोखीला ती सवलत नाही. ज्या दिवशी पैसे काढले त्या दिवसापासून मीटर सुरू. ३.७५ टक्क्यांनी १०,००० वर रोज साधारण १२ रुपये ३३ पैसे, त्यावर पुन्हा जीएसटी.

आपल्या शेतकऱ्यानं ५ नोव्हेंबरला पैसे काढले आणि १५ ला बिल निघालं. त्यात मुद्दल १०,०००, शुल्क ५९०, दहा दिवसांचं व्याज करासह सुमारे १४६, असे एकूण १०,७३६. पट्टी आल्यावर २५ तारखेला, मुदतीच्या आतच, त्यानं ही सगळी रक्कम भरली. तरीही डिसेंबरच्या बिलात आणखी १४६ रुपये व्याज दिसलं. बँकेनं लुबाडलं असं वाटून लोक भांडायला जातात ते याच ओळीवरून. पण ते १५ ते २५ नोव्हेंबरचं व्याज आहे. बिल निघालं तेव्हा ते दिवस अजून उजाडलेच नव्हते. वीस दिवसांचा एकूण खर्च झाला ८८१ रुपये. काही बँका शुल्काच्या रकमेवरही व्याज लावतात, तिथे थोडं आणखी.

हातात पैसे दोनच दिवसांत आले असते तर? बिलाची वाट न बघता ७ तारखेलाच अ‍ॅपमधून मुद्दल आणि शुल्क भरायचं. मग व्याज करासह २९ रुपयांच्या आसपास राहतं. ५९० मात्र वाचत नाहीत. कार्डावर आधीची खरेदी थकलेली असेल तर तुम्ही भरलेली रक्कम आधी कशात वळती होईल हे बँकेच्या नियमावर ठरतं. त्यामुळे फक्त १०,००० भरून रोखीचं फिटलं असं धरू नका. कार्डाची पूर्ण थकबाकी शून्य करा. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर रोखीचं व्याज चालूच राहतं, वर पुढच्या नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

खरं तर बहुतेक वेळा कार्डानं रोख काढायचं कारणच टाळता येतं. खत, फवारणीचं औषध किंवा डिझेल यांचे पैसे कृषी केंद्रात आणि पंपावर थेट कार्डानं द्या (दुकानदार जादा आकार मागतो का, ते आधी विचारा) आणि त्यासाठी घरात ठेवलेली रोकड मजुरीकडे वळवा.