मॅन बन वाढवताय? मधल्या महिन्यांत कात्रीच्या या चुका टाळा

केस कानांवर येतात, पण रबरात मावत नाहीत, तेव्हा अनेकांचा धीर सुटतो. खरं तर गोंधळ केसांच्या लांबीपेक्षा त्यांच्या असमानतेमुळे होतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, सगळीकडे जवळपास सारखेच. पण मानेवरच्या केसांना सुरुवातीला कुठेच पोहोचायचं नसतं, कानशिलावरच्यांना मात्र थेट डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत जायचं असतं. म्हणून मागे शेपटी लोंबते आणि बाजू पिंजारलेल्या राहतात.

पहिली चूक म्हणजे या काळात सलूनला जाणंच बंद करणं. दुसरी त्याहून महाग पडते: खुर्चीत बसून "जरा सेट करा" एवढंच सांगणं. मग कारागीर सगळीकडून दोन बोटं कापतो आणि दोन-तीन महिन्यांची वाढ जाते.

गिरगावातल्या माझ्या मावसभावाचंच घ्या. वरचे केस १४ सेंटिमीटर, कानशिलावरचे ८ आणि मानेवरचे ११. त्याने कारागिराला सांगितलं, "दादा, फक्त मानेवरचे सहावर आणा. वर आणि बाजूला कात्री नको." दर दीड-दोन महिन्यांनी एवढंच करायचं. तोवर वरच्या केसांचा छोटा अर्धा बुचडा बांधायचा आणि बाजूचे मोकळे ठेवायचे. बाजूचे केस १२ सेंटिमीटरच्या आसपास आले की कानामागे नीट बसतात. पूर्ण बुचड्यासाठी ते सुमारे २० हवेत, म्हणजे त्याला अजून नऊ-दहा महिने. मानेवरचं कापणं मात्र बाजू कानामागे बसल्या की थांबवायचं, नाहीतर तेच केस बुचड्यातून निसटत राहतात.

"दाट आहेत, हलके करतो" म्हणत कारागिराने दातेरी कात्री उचलली तर तिथेच थांबवा. तिने मधले केस आखूड होतात. आज डोकं हलकं वाटतं, पण बुचडा बांधल्यावर तेच आखूड केस चहूबाजूंनी उभे राहतात आणि मुंबईच्या दमट हवेत आणखी फुगतात. ते पुन्हा लांब व्हायला कित्येक महिने लागतात.

आखूड केस ओढून, घट्ट रबराने बांधण्याचा मोहही टाळा. संध्याकाळी रबर सोडताना मुळं दुखत असतील, कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या किंवा तुटके केस दिसत असतील, तर ताण जास्त आहे. तो बराच काळ राहिला की कानशिलावरचे केस कायमचे विरळ होऊ शकतात. कापडी रबर वापरा, बुचड्याची जागा रोज थोडी वरखाली करा आणि घरी आल्यावर केस मोकळे सोडा.

आंघोळ करून ओल्या केसांनीच बुचडा बांधून ८.१०ची लोकल पकडायची, ही सवयही सोडा. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. शिवाय पावसाळ्यात आतले केस दुपारपर्यंत वाळत नाहीत, त्यांना कुबट वास येतो. त्यापेक्षा रात्री केस धुवा. सकाळी खोबरेल तेलाचे दोन थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांना लावा.