nⁿ⁻² फळ्यावर सिद्ध करण्याआधीची तयारी

आधी हे पक्कं करा की आपण अंक लावलेली झाडं मोजतोय आणि n बिंदूंवर अशी झाडं nⁿ⁻² असतात, हेच सिद्ध करायचंय. १ ते n असे अंक दिलेले बिंदू, त्यांना जोडणाऱ्या n−1 कडा, कोणताही बिंदू सुटा नाही आणि कुठेही चक्र नाही. चार बिंदूंच्या झाडाचे आकार दोनच: सरळ साखळी, किंवा मधल्या एका बिंदूला चिकटलेली तीन टोकं. अंक लावले की साखळ्या १२ होतात, चांदण्या ४, एकूण १६, म्हणजे ४². ही मोजणी हाताने करूनच जा, कारण श्रोत्यांपैकी कोणीतरी "दोनच तर आहेत" म्हणणारच. सूत्र आर्थर केलीच्या नावाने चालतं, त्याचा लेख १८८९चा. पण बोर्खार्टकडे ते १८६० मध्येच होतं. आपण जी सिद्धता मांडणार ती हाइन्झ प्रूफरची, १९१८ची; ती प्रत्येक झाडाला n−2 अंकांचा एक क्रम देते, मग झाडांऐवजी क्रम मोजायचे. इतिहास इतकाच पुरे.

मग एक झाड निवडून ठेवा. फळ्यावर आयत्या वेळी काढलेलं झाड हमखास फार सोपं निघतं. सात बिंदूंचं हे घ्या: कडा १–४, २–४, ३–४, ३–६, ५–६, ६–७. ज्याला एकच कड आहे ते पान. इथे पानं १, २, ५ आणि ७. नियम असा: सगळ्यांत लहान अंकाचं पान तोडायचं आणि ते ज्याला चिकटलं होतं त्याचा अंक लिहायचा, दोन बिंदू उरले की थांबायचं. १ तोडला, ४ लिहिला. २ तोडला, पुन्हा ४. आता पुढचं पान ५ वाटतं, आणि बहुतेक जण इथेच घसरतात. दोन्ही पानं गेल्यामुळे ४ स्वतःच पान झालाय आणि तो ५ पेक्षा लहान आहे. म्हणून ४ तोडा, ३ लिहा. मग ३ पान होतो. तो तोडा, ६ लिहा. शेवटी ५ तोडा, पुन्हा ६. उरले ६ आणि ७. क्रम मिळाला (४, ४, ३, ६, ६).

पानांची यादी सुरुवातीलाच करून त्याच क्रमाने गेलात तर थोड्याच वेळात ७ तोडायची पाळी येईल. तिथेच चूक ओळखा: झाडाला नेहमी किमान दोन पानं असतात, त्यामुळे सगळ्यांत मोठा अंक कधीच तोडला जात नाही. दुसरी चूक म्हणजे तोडलेल्या पानाचाच अंक लिहिणं. तेव्हा क्रमात सगळे अंक वेगवेगळे दिसतात. आपल्या क्रमात ४ आणि ६ दोनदा आहेत.

क्रमावरून झाडाकडे परतीचा रस्ता तयार नसेल तर सिद्धता अर्धीच. त्यासाठी एक निरीक्षण हाताशी हवं: प्रत्येक अंक क्रमात त्याच्या कडांच्या संख्येपेक्षा एक कमी वेळा येतो. म्हणजे क्रमात नसलेले अंक हीच पानं. क्रमाखाली १ ते ७ लिहा. क्रमात नसलेला सर्वांत लहान अंक १, तो क्रमातल्या पहिल्या ४ ला जोडा, मग खालचा १ आणि क्रमातला तो ४ खोडा. उरलेल्या क्रमात नसलेला लहान अंक २, तो ४ ला. मग उरतो ३, ६, ६; आता ४ मोकळा झाला, तो ३ ला. पुढे ३ सहाला, ५ सहाला, आणि शेवटी उरलेले ६ व ७ एकमेकांना. तेच झाड परत आलं.

एका उदाहरणात परत आलं एवढ्यावर थांबू नका. n−2 लांबीचा कोणताही क्रम झाडच देतो, हे दाखवायला विगमन लागतं. क्रमात नसलेला सर्वांत लहान अंक x बाजूला ठेवा. पहिला अंक वगळून उरलेला क्रम बाकीच्या n−1 अंकांवर एकच झाड देतो असं गृहीत धरा आणि x त्या वगळलेल्या पहिल्या अंकाला चिकटवा. चक्र होत नाही, कारण x नवा आहे; आणि नव्या झाडात x हेच सर्वांत लहान पान ठरतं, त्यामुळे तोडताना पहिल्यांदा तोच जातो. क्रमातल्या n−2 जागांपैकी प्रत्येकीसाठी n पर्याय, म्हणून nⁿ⁻². पायरी n=2 पासून सुरू करा: रिकामा क्रम, एक झाड. n=1 वेगळं सांगा, कारण −1 लांबीचा क्रम नसतो.

वेळ उरला तर n=5 तपासून दाखवा. क्रमात तीन अंक. तिन्ही सारखे असतील तर चांदणी, असे ५. तिन्ही वेगळे असतील तर साखळी, ५×४×३ म्हणजे ६०. दोन सारखे नि एक वेगळा असेल तर फाटा असलेलं झाड, तेही ५×४×३ म्हणजे ६०. एकूण १२५, म्हणजे ५³.