जुन्या दागिन्यांची मोड देताना घट दोनदा कापली जाते : या चुका टाळा

लातूरच्या सराफ बाजारात मी गेली कित्येक वर्षं जुना माल तोलतोय. मोड घेऊन येणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा एक फडकं असतं आणि त्यात सगळं एकत्र बांधलेलं असतं: पाटल्या, खड्यांचे झुबे, लाखेची बोरमाळ, चारदा सांधलेली साखळी. असा मिश्र माल एकाच वजनात आणि एकाच भावात मोजला की किंमत चुकणारच. कधी विकणाऱ्याची आशा चुकते, कधी घेणाऱ्याचा आकडा.

दिवाळीनंतर औसा तालुक्यातल्या एक काकू आल्या होत्या. सासूबाईंचे दागिने मुलाच्या शिक्षणासाठी मोडायचे होते. एकूण वजन 72 ग्रॅम भरलं. घरी सासूबाई "सहा तोळे आहे" म्हणायच्या आणि ते बरोबरच होतं, कारण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. आज दुकानात 10 ग्रॅमला तोळा म्हणतात, म्हणून बोलणी तोळ्यात करूच नका, ग्रॅममध्येच करा.

हिशेब सोपा व्हावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरू. भाव विचारताना जीएसटी सोडून विचारा. तुम्ही सोनं विकताय, त्या 3 टक्क्यांचा तुमच्या किमतीशी संबंध नाही.

काकूंच्या मुलाने घरी 72 ग्रॅमला थेट 22 कॅरटचा भाव लावला होता: 72 गुणिले 9,160, म्हणजे जवळपास 6 लाख 60 हजार. एका दुकानात मात्र त्यांना 4 लाख 20 हजार सांगितले होते. काकू म्हणाल्या, "दादा, एवढा फरक कसा काय? माझं सोनं खोटं हाय का?"

सोनं खोटं नव्हतं. त्या दुकानदाराने "खडे, लाख, डाक मिळून तीस टक्के घट" म्हणून 72 मधून 21.6 ग्रॅम कापले आणि उरलेल्या 50.4 ग्रॅमला 20 कॅरटचा भाव लावला. चूक इथेच आहे आणि ती कानावरून सहज निसटून जाते. डाक म्हणजे सांधा जोडायला लावलेला मिश्र धातू. तिच्यामुळे सोन्याचं वजन कमी होत नाही, कस म्हणजे शुद्धता कमी होते. तीस टक्क्यांत कसाची सगळी घट धरली असेल, तर उरलेल्या 50.4 ग्रॅमला शुद्ध सोन्याचा भाव लागायला हवा. कस भावातून कापायचा, तर वजनातून फक्त खडे, लाख, दोरा आणि मळ वजा व्हायला हवेत. दोन्हीकडून कापलं की एकच घट दोनदा जाते. म्हणून कुणी सरसकट टक्का सांगितला तर आधी विचारा, या टक्क्यात नेमकं काय काय धरलंय?

आम्ही मालाचे चार ढीग केले आणि एकेकाचा टंच, म्हणजे शंभरात शुद्ध सोनं किती तो आकडा, वेगळा काढला. सगळं एकत्र आटवायची घाई करू नका. एकदा एका मुशीत गेलं की कुठल्या डागिन्याने कस खाली ओढला ते परत कळत नाही.

बोरमाळ 22 ग्रॅमची होती. तिचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. लाखेचा अंदाज डोळ्यांनी सांगू नये आणि ऐकूही नये. एक मणी दोऱ्यातून काढून तोलला, 0.49 ग्रॅम. मंद आचेवर लाख वितळवून काढली आणि परत तोलला, 0.31 ग्रॅम. 44 मणी होते, म्हणजे धातू साधारण 13.6 ग्रॅम. पुढे आटणीनंतर लगड 13.4 भरली. एका मण्यावरून एवढा जवळचा अंदाज येतो, मग पूर्ण माळेवर "निम्मी लाख" म्हणून कापायचं कारण काय? (मणी लहान-मोठे असतील तर तीन-चार मणी तोलून सरासरी घ्या.)

झुबे 12 ग्रॅमचे. इथे खडे उतरवल्याशिवाय बोलायचंच नाही. खडे, त्याखालची लाख आणि वर्षानुवर्षांचा मळ मिळून 4.2 ग्रॅम निघाले, धातू 7.8 उरला. लाल खडे बहुतेक कारखान्यात बनवलेलं माणिक किंवा काच असतात. काचेत भिंगाखाली गोल बुडबुडे दिसतात आणि बनवलेल्या माणकात कधी वाकड्या रेघा. मोड घेणारा खड्याचे पैसे देत नाही, पण वजन तर कापतो, म्हणून काढलेले खडे आणि मोती तुमच्याच पुडीत परत आले पाहिजेत. त्यातलं काही अस्सल वाटलं तर ते स्वतंत्र दाखवा.

आता डाक. सांधा जोडताना डागिना वितळू नये म्हणून डाक त्याच्याआधी वितळावी लागते, म्हणून तिच्यात चांदी-तांबं जास्त घालतात. म्हणजे प्रत्येक सांध्यापाशी कस कमी असणारच. यंत्रावर टंच बघताना हीच गफलत होते. ते यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. काकूंची साखळी मधल्या कडीवर 88 दाखवत होती आणि सांध्यावर 61. विकणारा पहिला आकडा धरतो, घेणारा दुसरा, आणि दोघांचंही चुकतं. खरा टंच साखळी आटवून, लगडीचा तुकडा तपासूनच मिळतो. तिचा 76 निघाला. वजन 10 ग्रॅमवरून 9.9 झालं, म्हणजे जेमतेम 0.1 ग्रॅम मळ. डाक वजनातून जात नाही, हे इथे तराजूवर दिसलं.

एक गोष्ट मात्र बघून घ्या. सांध्यावर करडा, मऊ, सुईने ओरखडा उठणारा डाग असेल तर तिथे कथील-शिशाची झाळ दिलेली असते. तो भाग कापून बाजूला काढा. थोडंसं शिसं मुशीत गेलं तरी सगळी लगड ठिसूळ होते आणि मग शुद्धीकरणाचा खर्च तुमच्याच माथी येतो.

पाटल्यांत फारसं काही नव्हतं. 28 चे 27.9 झाले आणि टंच 90.5.

मग शुद्ध सोनं किती? पाटल्यांत 25.25 ग्रॅम. बोरमाळेचा टंच 86 आला, म्हणजे 11.52. झुब्यांचा 80, म्हणजे 6.24. साखळीत 7.52. बेरीज 50.53 ग्रॅम, म्हणजे 5 लाख 5 हजार 300 रुपये. आटणी, तपासणी आणि घेणाऱ्याचा नफा मिळून दोन ते तीन टक्के मला रास्त वाटतात. तेवढे वजा केले की 4 लाख 90 ते 4 लाख 95 हजार हा या मालाचा योग्य भाव. मुलाचा आकडा फार वर होता आणि दुकानातला किमान सत्तर हजारांनी खाली.

आटणी समोर करून घ्या, मुशीत जाण्याआधी आणि नंतर वजन स्वतः वाचा. मूस रिकामी केल्यावर तळाशी आणि टाकणखाराच्या काचेत चिकटलेले दाणेही खरवडून लगडीबरोबर तोलायला सांगा. आणि आटवण्याआधी एकदा विचार करा: जुन्या घडणीची वज्रटीक किंवा चांगली ठुशी असेल तर ती अख्खी विकत घेणारं गिऱ्हाईक मोडीपेक्षा जास्त देऊ शकतं. आटवल्यावर ती घडण संपते.

काकूंनी चारही लगडी टंचाच्या चिठ्ठ्यांसकट दोन दुकानांत दाखवल्या. 4 लाख 92 हजारांना व्यवहार झाला, पैसे बँकेतून आले. लाल खड्यांची पुडी त्यांनी सुनेच्या कुड्यांसाठी घरी नेली.