क्लायंट रडायला लागला की डेक खाली ठेवा

टॅरो शिकताना डेथ हे कार्ड कसं सांगायचं, टॉवर कसं सांगायचं, हे मला सगळ्यांनी शिकवलं. टेन ऑफ स्वॉर्ड्स निघालं तर मागचं पिवळं आकाश दाखवायचं, हेही पाठ होतं. पण कार्ड उलटल्यावर समोरचा माणूस हमसून रडायला लागला तर सेशन संपवायचं कसं, हे कुणी शिकवलं नाही. ते मी जळगावात, घरातल्या पुढच्या खोलीत, एका ताईंचं नुकसान करून शिकले.

त्या अमळनेरहून आल्या होत्या, मुलीच्या लग्नाचं विचारायला. साधा तीन कार्डांचा स्प्रेड लावला. मधलं कार्ड फाइव्ह ऑफ कप्स निघालं: काळा झगा घातलेला, मान खाली घातलेला माणूस, समोर तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन उभे. मी तोंड उघडायच्या आतच त्यांच्या डोळ्यांना धार लागली. वडील जाऊन आठ महिने झाले होते आणि शेवटी शेवटी ते अंगणात अगदी तसेच उभे राहायचे. मला हे नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की बाई रडतेय आणि कार्ड वाईट आहे.

मग मी जे केलं तेच सगळे नवखे करतात. म्हणाले, "थांबा ताई, अजून एक काढते, नीट कळेल." निघालं मून. ते धूसर, म्हणून आणखी एक. निघालं टेन ऑफ स्वॉर्ड्स, पाठीत दहा तलवारी. आता माझाच हात थरथरत होता. सहावं काढलं, ते चांगलं निघालं, आणि मी सुटल्यासारखी म्हणाले, "बघा, शेवट छान आहे!" त्यांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तलवारींवर बोट ठेवून विचारलं, "आते काय व्हई, ताई?"

रात्री अकराला फोन. "अजून एक काढून बघा ना." मी काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा कार्ड. असं नऊ दिवस चाललं. एकदाही मुलीच्या लग्नाचा विषय निघाला नाही.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण तो दयाळूपणासारखा दिसतो. जादा कार्ड, म्हणजे क्लॅरिफायर, एखाद्या कार्डाचा अर्थ संदिग्ध असेल तेव्हा काढायचं असतं. रडणाऱ्या माणसासमोर काही संदिग्ध नसतं, अस्वस्थ आपण असतो आणि कार्ड स्वतःसाठी काढतो. ७८ कार्डांत नको ते निघण्याची शक्यता भरपूर. चांगलं निघालं तरी समोरचा एकच शिकतो: वाईट वाटलं की कार्ड काढायचं. उद्या घरी वाईट वाटेल तेव्हा तो तुम्हालाच फोन करणार. "क्लायंटला नेहमी पॉझिटिव्ह नोटवर सोडा" असं मला शिकवणाऱ्या बाईंवर माझा अजून राग आहे. दोन दिवसांच्या कोर्समध्ये हे वाक्य मिळतं, सर्टिफिकेटही मिळतं, रडणारा माणूस मिळत नाही. डेथ आणि टॉवर डेकमधून आधीच काढून ठेवणारेही मला भेटलेत. त्यांना पुढचा प्रसंग सांगते.

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात रावेरकडचे एक दादा आले. केळीचे बागायतदार, पन्नाशीचे. प्रश्न असा, की शेजारचं शेत बटाईने करू का. स्प्रेडमधल्या "अडथळा" या जागी सिक्स ऑफ कप्स निघालं. यात भीतीदायक काही नाही. वाड्याच्या अंगणात एक मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय, बस. दादांनी कार्ड बघितलं, टोपी काढली, तोंडावर धरली आणि रडायला लागले.

डेक मी पालथा करून बाजूला ठेवला, हाताला सहज लागणार नाही एवढ्या अंतरावर. ही पहिली गोष्ट, आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल. माठातलं पाणी ग्लासात ओतून त्यांच्या बाजूला सरकवलं, हातात दिलं नाही. रुमाल किंवा टिश्यूही हातात कोंबू नका, "आवरा आता" असा त्याचा अर्थ होतो. अंगाला हात लावला नाही. आणि गप्प बसले. गप्प बसणं फार जड जातं, दोन मिनिटं वीस वाटतात. रडण्याला लाटा असतात. पहिली ओसरते, माणूस लांब श्वास घेतो, मग दुसरी येते, ती लहान असते. दुसरीनंतर बोला.

बोलायचं म्हणजे एकच प्रश्न: "चित्रात काय दिसलं, दादा?" कार्डाचा अर्थ सांगत सुटू नका. ते म्हणाले, "बहीण." दोन वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही घेतली, तेव्हापासून ती आखाजीला माहेरी आली नव्हती. झाडाचा झोका रिकामा होता. खरं सांगते, माझ्या जिभेवर आलं होतं, की हे कार्ड जुनी नाती परत येण्याचं आहे, ती येईल. गिळलं. ती येईल की नाही हे मला माहीत नाही, आणि हे वाक्य ते घरी घेऊन गेले असते.

त्याऐवजी म्हणाले, "हे आज तुमच्या मनात किती आहे ते दिसलं. शेताचं आज इथेच थांबवू या का?" विचारायचं, ठरवून टाकायचं नाही. ते हो म्हणाले. मूळ प्रश्नावर मी एक वाक्य बोलले, की बटाईचा निर्णय आज या मनःस्थितीत घेऊ नका. मग कार्डं त्यांनाच गोळा करायला सांगितली. आधी बाकीची आणि रडवणारं शेवटी, असं करू नका. शेवटचं हातात राहतं तेच डोळ्यात राहतं. सिक्स ऑफ कप्स त्यांनी आधी उचललं आणि डेकच्या मधोमध सारलं.

त्यानंतर कोरडे प्रश्न. गाडीने आलात की एसटीने? सोबत कोण आहे? जेवलात का? हे टाळाटाळीसाठी नाही. उत्तर देताना माणूस आजच्या दुपारी परत येतो. त्यांनी घड्याळ बघून सव्वाचारची गाडी सांगितली, तेव्हा मला कळलं की आता उठायला हरकत नाही. मूळ प्रश्न काय होता तेच आठवत नसेल, किंवा नजर कार्डावरून हलत नसेल, तर उठवू नका, घरच्या कुणाला तरी बोलवा.

फी ठरलेली तेवढीच घेतली. घाबरून परत दिली की माणसाला वाटतं, हिने काहीतरी भयंकर लपवलं. जाताना सांगितलं, की याच प्रश्नावर महिनाभर रीडिंग करणार नाही, फोनवरही नाही. हे कठोर वाटेल. अमळनेरच्या ताईंना मी हे पहिल्या रात्रीच सांगायला हवं होतं.

एक ठिकाण मात्र आपलं नाहीच. रडताना कुणी "आता जगून काय करू" असं म्हणालं तर टॅरो तिथेच संपला. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार येत नाहीत. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्यासमोर लावा, आणि धोका लगेचचा वाटला तर सिव्हिल हॉस्पिटल गाठा. हा नंबर मी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, डेकच्या शेजारी.

दादा गेल्यावर पुढच्या क्लायंटला अर्धा तास थांबवलं. माठाजवळ उभी राहून दोन ग्लास पाणी प्यायले. हात थरथरत होते, अजूनही थरथरतात. पण डेक पालथाच होता.