खरीपपूर्व सल्ला: शेणाच्या टाकीत उतरू नका, पडलेल्याच्या मागे तर मुळीच नाही

वैशाख सरत आला. स्लरी रानात टाकायची घाई सुरू झाली, त्यामुळे गावोगाव गोबरगॅसच्या टाक्या, गोठ्यामागचे स्लरीचे खड्डे आणि शेण साठवलेल्या जुन्या विहिरी उपसल्या जात आहेत. या महिन्यात मी बियाण्यावर आणि खतावर नेहमी भरपूर लिहितो. या वेळी ते आधी उरकून टाकतो.

आठवडाभराची कामे:
- नांगरट झालेल्या रानात कुळवाची पाळी. धसकटे वेचणे.
- घरच्या सोयाबीनची उगवण तपासणे: १०० दाणे ओल्या गोणपाटात. ७० पेक्षा कमी उगवले तर बियाणे बदला.
- बीजप्रक्रिया पेरणीच्या दिवशी: ट्रायकोडर्मा ८ ते १० ग्रॅम, रायझोबियम २५ ग्रॅम प्रति किलो.
- ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये.
- कापूस जूनच्या आधी लावू नये, गुलाबी बोंडअळी.

झाले. आता टाकीकडे या.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात वाकडी गावी एका पडक्या विहिरीत मांजर पडले. ती विहीर शेणाच्या स्लरीसाठी वापरात होती. मांजर काढायला एक जण उतरला आणि खालीच राहिला. त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा. एकामागून एक सहा जण उतरले आणि पाच मेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्यांनी त्याला ओढून काढले. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, बारामती तालुक्यातल्या खांडजला अशाच टाकीत चार जण मेले. दोन्हीकडे पहिल्याच्या मागे गेलेले त्याला वाचवायलाच उतरले होते.

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेच्या नायॉश या कामगार सुरक्षा संस्थेने १९८६ मध्ये बंदिस्त जागेतले मृत्यू तपासले, तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक मेलेले लोक वाचवायला गेलेलेच निघाले. म्हणून मी पहिल्या माणसापेक्षा दुसऱ्याबद्दल जास्त बोलतो. पहिल्याचा अपघात म्हणता येईल. दुसऱ्याला मात्र धरून ठेवता येते.

दुसरा का मरतो, तर वर उभ्या माणसाला वाटते की खालचा पाय घसरून पडला किंवा त्याला चक्कर आली. तो म्हणतो, मी दम धरून जातो, काखेत हात घालतो आणि वर येतो. दम धरून उतरणे जमते. पण स्लरीत भिजलेला, अंग टाकलेला सत्तर किलोचा माणूस शिडीवर चढवायला लागला, की छाती आपोआप श्वास ओढते. तिथेच संपते.

गोबरगॅसमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. मिथेन हलका, तो वर जातो. बाकीचे दोन हवेपेक्षा जड, ते तळाशी साठतात. तुम्ही काठावर वाकून वास घेता तेव्हा छातीइतक्या उंचीची हवा बरी असते, गुडघ्याखालची मारक. माणूस पायऱ्या उतरतो आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर त्याचे डोके त्या थरात जाते.

तुमचे शरीर तुम्हाला सावध करत नाही. गुदमरल्याची जी तडफड आपण ओळखतो, ती मुख्यतः अंगात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. ऑक्सिजन कमी पडल्याने तशी तडफड होत नाही. जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, तिथे दोन श्वासांत माणूस काही न बोलता खाली बसतो. साधी हवा म्हणजे २०.९ टक्के ऑक्सिजन. नियमाप्रमाणे १९.५ च्या खाली उतरायचे नाही. दहाच्या खाली शुद्ध हरपते. हायड्रोजन सल्फाइडचे तर आणखी वाईट. सडक्या अंड्याचा वास थोडा असतो तोवर येतो. दशलक्षात शंभर भाग झाले की काही मिनिटांत नाकच बधिर होते. वास येईनासा होतो आणि माणूस म्हणतो, गॅस निघून गेला. सातशेच्या पुढे एक-दोन श्वास पुरतात.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. स्लरी ढवळल्याशिवाय गॅस फारसा सुटत नाही. आत बुडबुड्यांत अडकून असतो. पंपाचे तोंड काठीने मोकळे केले, फावड्याने साय फोडली किंवा आत उडी पडली, की तो एकदम बाहेर येतो. म्हणजे सकाळी झाकण उघडून तासभर थांबलो, हा हिशेब दुपारी चालत नाही. पहिला पडल्यावर तर टाकी ढवळलेलीच असते, त्यामुळे दुसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त गॅस मिळतो.

माझा एक अंदाज सांगतो, पुस्तकातला नाही. वळवाच्या आधी हवा कोंदट होते, पानही हलत नाही, त्या दिवशी टाकी आणि विहीर जास्त धोक्याची. हवेचा दाब उतरला की जमिनीतला वायू विहिरीत येतो, असे मला वाटते. झाकणापाशी चिलटेही फिरत नसतील तर मी त्या दिवशी काम थांबवतो. चिलटे असली म्हणजे सुरक्षित, असा अर्थ मात्र काढू नका.

जुनी माणसे विहिरीत कंदील सोडून बघत. विझला की उतरायचे नाही. कोरड्या विहिरीत ते काही अंशी खरे होते. गोबरगॅसच्या टाकीत कंदील सोडणे म्हणजे काडी लावणे आहे. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन झाला की भडका उडतो. शिवाय हायड्रोजन सल्फाइड कंदिलाला दिसत नाही, ज्योत छान जळते आणि माणूस मरतो. लिंबाचा डहाळा वरखाली करून हवा हलवायची रीतही विहिरीपुरती ठीक, स्लरीत ती गॅस उठवते.

दुकानदाराकडून दोन वस्तू गळ्यात पडतात. एक म्हणजे गाळ विरघळवणारी पावडर, टाकली की म्हणे उतरावे लागत नाही. मी तिचे तीन प्रकार बघितले, गाळ होता तिथेच होता. दुसरी म्हणजे तोंडाला लावायचा गाळणीचा गॅस मास्क. हिची मला खरी भीती आहे. गाळणी हवा गाळते, ऑक्सिजन तयार करत नाही. जिथे ऑक्सिजन नाही तिथे तो मास्क फडक्याइतकाच, वर धीर देतो म्हणून अधिक वाईट. फवारणीचा मास्क, ओला रुमाल, सगळे एकाच माळेचे मणी. अशा जागी उतरतो तो अग्निशमन दलाचा जवान, पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन. पैसे खर्च करायचेच असतील तर मड पंपाच्या भाड्यावर करा. स्लरी घट्ट असेल तर वरूनच पाणी सोडून पातळ करा, सक्शन पाइप वरून सोडा, तोंड चोंदले तर पाइप वर ओढून साफ करा. सगळे काठावरून होते. वेळ लागतो, लागू द्या. टाकी रिकामी झाली तरी तळाच्या चिखलात गॅस असतो. रिकामी टाकी जास्त फसवी.

पलीकडच्या गावात तीन वर्षांपूर्वी एका गोठ्यावर मी हे डोळ्यांनी पाहिले. नऊ फुटी टाकी, पंपाचा फुटव्हॉल्व्ह चोंदला. थोरला भाऊ शिडीने उतरला, खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. हाकेला ओ नाही. धाकट्याचा एक पाय काठावरून आत गेलेला. त्यांच्या आईने मागून शर्टाचा घोळ दोन्ही हातांनी धरला आणि बसकण मारली. शर्ट फाटला, पण ती सोडेना. "अरे, एक गेला, दुसराही घालवू का?" एवढेच ओरडत होती. थोरल्याच्या काखेखालून सोल बांधलेला होता, कारण त्यांच्या वडिलांनी सकाळी भांडून बांधायला लावला होता. वरच्या चाकावरून तिघांनी ओढला. तोंडातून स्लरी काढली, छाती दाबली, चार-पाच मिनिटांनी खोकला. वाचला.

तसे घडलेच तर या क्रमाने:

कोणालाही आत जाऊ देऊ नका. धरून ठेवा, वेळ पडली तर मारा. एकाने लगेच १०१ किंवा ११२ ला फोन करावा आणि "टाकीत गॅस, सिलिंडर लावलेला माणूस हवा" असे स्पष्ट सांगावे. दोर बांधलेला असेल तर ओढा. नसेल तर फास किंवा गळ टाकून वरूनच प्रयत्न करा. उफणणीचा विजेचा पंखा असेल तर तो टाकीपासून दहा-पंधरा फूट लांब, वाऱ्याच्या बाजूला ठेवा, बटण लांबूनच दाबा आणि त्याला पॉलिथिनची नळी जोडून स्लरीच्या वर हातभर उंचीपर्यंत सोडा. पेट्रोलचे ब्लोअर वापरू नका, त्याचा धूरच आत जातो. ऑक्सिजनचा सिलिंडर टाकीत मोकळा सोडू नका, मिथेनला तो आगीचे आमंत्रण. बिडी विझवा. पंखा चालू केला म्हणून आत जायला हरकत नाही असे नाही, तो फक्त खालच्या माणसासाठी आहे.

बाहेर काढल्यावर तोंड साफ करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, वेगात दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकू नका. श्वास असेल तर कुशीवर वळवा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या, फुफ्फुसात पाणी नंतरही होते.

मैल्याच्या टाकीचे वेगळे सांगत नाही, गॅस तोच. तिथे सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, सक्शनची गाडी बोलवा.

सोल, चाक आणि टाकीच्या लोखंडी झाकणाचे कुलूप या तीन वस्तू आजच टाकीशेजारी नेऊन ठेवा. सोल गोठ्यात नको, बैल सोडताना कोणीतरी नेतो. टाकीच्या खांबाला कडी ठोका आणि तिथेच टांगा. दर पंधरा दिवसांनी उंदराने कुरतडला का ते बघा.