लेकराला विमानाने एकटं पाठवायचंय? आधी घ्यायला येणाऱ्याचं आधार कार्ड मागवा

दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या तिकीट बुकिंगच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. मावशी दिल्लीला, आई-बापाला रजा नाही, तर लेकराला एकटं पाठवलं तर चालतं का? चालतं. पण तिकीट काढलं, विमानात बसवलं आणि तिकडे मावशी उभीच आहे, एवढ्यावर भागत नाही. विमान कंपनी मुलाला तुमच्याकडून सही घेऊन ताब्यात घेते आणि तिकडेही सही घेऊनच सोडते. हवेतल्या दोन तासांत सहसा काही बिघडत नाही. घोळ होतो तो दोन टोकांना, आणि बहुतेक वेळा तो नावांचाच असतो.

समजा, बीडची नऊ वर्षांची मुलगी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून दिल्लीला मावशीकडे निघाली आहे. तिचाच प्रवास धरून एकेक पायरी बघू.

वय आणि विमान

देशांतर्गत प्रवासात साधारण नियम असा की पाच वर्षं पूर्ण झाली नसतील तर मूल एकटं पाठवता येत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी विमान कंपनीची एकट्या मुलाची सेवा घ्यावीच लागते. काउंटरवरचे लोक तिला ‘यूएम’ म्हणतात, म्हणजे अनअकम्पनीड मायनर. बारा पूर्ण झालेलं मूल बहुतेक कंपन्यांकडे मोठ्या प्रवाशासारखं एकटं जाऊ शकतं, तरी काही कंपन्या मागितल्यास त्यालाही ही सेवा देतात. वय मोजतात ते प्रवासाच्या तारखेला, तिकीट काढलं त्या दिवशी नाही. नेमक्या अटी कंपनीगणिक थोड्या बदलतात, म्हणून ज्या कंपनीचं तिकीट काढणार तिलाच विचारा.

विमान थेट हवं. मुंबईला किंवा हैदराबादला उतरून दुसरं विमान पकडायचं असेल तर बऱ्याच कंपन्या एकट्या मुलाला घेतच नाहीत, आणि घेत असतील तरी माझा सल्ला नकोच असा आहे. संभाजीनगरहून जायच्या गावाला थेट विमान नसेल तर लेकराला घेऊन पुण्याला जा आणि तिथून थेट विमानात बसवा. गाडीतले जास्तीचे तास तुमच्यासोबत जातात, ते बरे.

वेळही बघून घ्या. दिवसातलं शेवटचं विमान टाळा, ते रद्द झालं तर त्या दिवशी पुढे काहीच हाताशी उरत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला सकाळी आणि रात्री धुकं असतं, तेव्हा दुपारी उतरणारं विमान मिळालं तर तेच घ्या.

बुकिंग फोनवर किंवा काउंटरवर

वेबसाइटवर नुसत्या लहान मुलाचं तिकीट काढू गेलात तर सहसा निघत नाही, सोबत मोठा प्रवासी मागतात. काही जण मग मुलाला मोठं दाखवून तिकीट काढतात. तसं करू नका. चेक-इनला जन्मतारीख दिसते आणि तिथून परत फिरावं लागतं. कंपनीच्या कॉल सेंटरला फोन करा किंवा विमानतळावरच्या तिकीट काउंटरवर जा. एका विमानात अशी ठरावीकच मुलं घेतात, त्यामुळे आधी यूएमसाठी जागा आहे का ते विचारा, मग पैसे भरा. शेवटच्या दोन दिवसांवर तर हे काम अजिबात नेऊ नका. सेवेचे पैसे तिकिटाव्यतिरिक्त असतात आणि जायचे-यायचे वेगळे लागतात.

नावांचा कागद

फॉर्मवर मुलाची माहिती, सोडणाऱ्याचं नाव-पत्ता-फोन आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता-फोन असतो. खाली पालकाची सही. फॉर्म भरायला दहा मिनिटं पुरतात, आणि म्हणूनच तो घाईत भरला जातो.

आपल्या बीडच्या मुलीचंच घ्या. आई फोनवर मावशीचं लग्नानंतरचं नाव सांगते, कारण सगळे तिला त्याच नावाने ओळखतात. मावशीचं आधार मात्र अजून माहेरच्या नावावर आहे. दिल्लीला कर्मचारी फॉर्म आणि ओळखपत्र शेजारी धरून बघणार, आणि आडनाव जुळत नाही म्हणून मुलगी समोर उभी असूनही देणार नाही. त्याची चूक नाही. मग बीडला फोन, चौकश्या, आणि तोवर लेकरू खुर्चीवर बसून. हीच गत घरात बाळासाहेब आणि कागदावर भलतंच नाव असलेल्या मामांची होते.

उपाय सोपा आहे. घ्यायला येणाऱ्याला सांगा, जे ओळखपत्र त्या दिवशी खिशात असेल त्याचाच फोटो पाठव. फॉर्मवर नाव त्यावरून उतरवा, अक्षर न् अक्षर. मूळ ओळखपत्र सोबत आणायला सांगा. मावशीला जमलंच नाही तर काकांना येता यावं म्हणून दुसऱ्या माणसाचं नाव देता येतं का तेही बुकिंगच्या वेळीच विचारा. मावशीने ऐनवेळी शेजाऱ्याला पाठवलं तर मूल त्याच्या हाती मिळणार नाही. आणि ते योग्यच आहे.

मुलीच्या तिकिटावरचं नावही तिच्या आधारशी किंवा पासपोर्टशी जुळायला हवं. मोठ्यांसोबत जाताना मुलाचा कागद कोणी फारसा बघत नाही, एकटं जाताना बघतात. शाळेचं फोटोवालं ओळखपत्र जोडीला ठेवा, पण एकट्या त्याच्यावर भिस्त नको.

निघायच्या दिवशी

एकट्या मुलाचं वेब चेक-इन सहसा होत नाही, काउंटरवर जावंच लागतं. देशांतर्गत विमानाचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं. त्यात फॉर्म, सह्या आणि पैसे, म्हणून सुटण्याच्या किमान दोन तास आधी विमानतळावर पोचा. बीडहून गाडीला तीन तास धरा. म्हणजे दुपारी दोनचं विमान असेल तर सकाळी नऊच्या आत घर सोडायचं.

टर्मिनलच्या दारात सीआयएसएफचे जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतात. तुमच्याकडे तिकीट नाही, तेव्हा काउंटरपर्यंत आत कसं यायचं, पास लागेल की कंपनीचा माणूस दारापाशी येईल, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. सहसा एकालाच सोडतात. आजी-आजोबांसकट अख्खं घर आलं असेल तर पापे, रडणं, खाऊ सगळं बाहेरच उरकून घ्या.

फॉर्मवर ज्याचं नाव सोडणारा म्हणून लिहिलंय त्यानेच आत जायचं. काउंटरवर सही झाली की कर्मचारी मुलीला सुरक्षा तपासणीतून पुढे नेतो आणि विमानातल्या क्रूकडे सोपवतो. तुम्ही विमान उडेपर्यंत विमानतळावरच थांबायचं. विमान सुटायला उशीर झाला किंवा ते रद्द झालं तर मूल तुमच्याकडेच परत देणार, आणि तुम्ही तेव्हा गेवराईच्या पुढे पोचलेले असाल तर अवघड होतं. उडाल्याचं कळलं की मावशीला फोन करा.

बॅगेत काय

गळ्यात अडकवायचा एक पाऊच. त्यात बोर्डिंग पास, फॉर्मची प्रत, आधार, थोडे सुटे पैसे आणि एका कागदावर आई, बाबा, मावशी यांचे नंबर. फोन दिलात तरी कागद हवाच, चार्जिंग संपलेल्या फोनमधले नंबर कुणाच्या कामाचे नाहीत.

हातातली बॅग तिला स्वतःला उचलता येईल एवढीच. कंपनी सात किलो चालवते म्हणून सात किलो भरू नका. स्वेटर, चिवडा-लाडू, एखादं पुस्तक, कपड्यांचा एक जोड. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा चघळायला गोळ्या नाहीतर चिक्की द्या. आतलं जेवण आधीच बुक केलं तर तिला पैशांचा हिशेब करावा लागत नाही. औषध असेल तर लक्षात ठेवा, क्रू सहसा मुलाला औषध देत नाही. जे तिला स्वतःला घेता येतं तेवढंच द्या, आणि दम्यासारखा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

शाळेचं दप्तर तसंच उचलून दिलं असेल तर ते एकदा उलटं करून बघा. कंपासपेटीतलं टोकदार कर्कटक आणि कात्री तपासणीत अडकतात, खेळण्यातलं पिस्तूल तर नक्कीच. दिवाळीनंतर हे फार होतं. टिकल्या तर मोठ्या बॅगेतही चालत नाहीत, त्या फटाक्यांतच मोडतात. पॉवर बँक द्यायचीच असेल तर हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत टाकायची परवानगी नाही. मावशीसाठीच्या लोणच्याची बरणी मुलीच्या हातात देऊ नका.

दिल्लीत

उतरल्यावर मुलीला बहुतेकदा सगळ्यांच्या शेवटी बाहेर काढतात. हे तिला आणि मावशीला दोघींनाही आधी सांगा, नाहीतर बाहेर उभी मावशी अर्ध्या तासात घाबरते. दिल्लीला एकाहून जास्त टर्मिनल आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत. विमान कुठल्या टर्मिनलला उतरतंय ते मावशीने त्याच दिवशी बघून घ्यावं आणि विमान टेकायच्या आधीच तिथे हजर असावं. बॅग घेऊन कर्मचारी मुलीला बाहेर आणतो, ओळखपत्र बघतो, सही घेतो, मग हात सोडतो. कोणीच आलं नाही तर मूल कंपनीच्या ताब्यातच राहतं, फॉर्मवरच्या नंबरांवर फोन होतात आणि पुढचा खर्च पालकांवर येतो.

मुलीला दोनच गोष्टी पढवा. विमान दुसरीकडे उतरलं तरी गणवेशातल्या ताई-दादांसोबतच राहायचं, शेजारच्या सीटवरचे काका कितीही चांगले असले तरी त्यांच्यासोबत जायचं नाही. आणि मावशी लांबून दिसली, तिने हाक मारली, तरी कागदावर सही होईपर्यंत पळायचं नाही.

परतीचा फॉर्म वेगळा असतो. तेव्हा सोडणारी मावशी आणि घेणारे तुम्ही, म्हणून चिकलठाण्याला जाताना तुमचं मूळ आधार विसरू नका. सोबत मोठं भावंड असेल आणि सुट्टीच्या दिवसांतच त्याला बारा पूर्ण होत असतील तर परतीच्या तिकिटाला नियम बदलेल, तेही बुकिंगच्याच फोनवर विचारून घ्या.