प्रोपिलबेंझीन तयार करताना या चुका टाळा

बेंझीनपासून सरळ साखळीचे प्रोपिलबेंझीन कसे मिळवाल, असे विचारले की बेळगाव-खानापूर भागातील बी.एस्सी.चे बहुतेक विद्यार्थी एकाच ओळीत उत्तर लिहितात: बेंझीन, १-क्लोरोप्रोपेन आणि निर्जल AlCl₃. मी हे उत्तर दरवर्षी तपासतो आणि दरवर्षी त्याचे गुण कापावे लागतात.

AlCl₃ क्लोरीनला स्वतःकडे ओढू लागला की टोकाच्या कार्बनवर धनभार वाढतो. त्याच क्षणी शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन तिकडे सरकतो आणि भार मधल्या कार्बनवर येतो, कारण तिथे तो अधिक स्थिर असतो. म्हणून उत्पादनात आयसोप्रोपिलबेंझीन, म्हणजेच क्युमीन, मोठ्या प्रमाणात येते. तापमान उतरवल्यास सरळ साखळीचा वाटा वाढतो, पण मिश्रण राहतेच. क्युमीन सुमारे १५२ अंश सेल्सियसला उकळते आणि प्रोपिलबेंझीन १५९ अंशांना, त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने ही दोन्ही वेगळी होत नाहीत.

दुसरी अडचण अशी की अल्किल गट वलयाला अधिक क्रियाशील करतो, म्हणून तयार झालेला रेणू बेंझीनच्या आधी पुढची अभिक्रिया करतो आणि डायप्रोपिल संयुगे बनतात. बेंझीन बरेच जास्त घेतल्याने ही अडचण कमी होते. साखळीच्या पुनर्रचनेवर मात्र त्याचा काहीही उपाय नाही.

खरा मार्ग असायलीकरणाचा आहे. प्रोपेनॉइल क्लोराइडपासून बनणारा असिलियम आयन अनुनादाने स्थिर असल्यामुळे त्याची पुनर्रचना होत नाही, आणि मिळणारे कीटोन वलयाला मंद करत असल्याने अभिक्रिया एकाच गटावर थांबते. नंतर झिंक अमाल्गम व संहत HCl वापरून, म्हणजे क्लेमेन्सन क्षपणाने, C=O चे CH₂ करावे.

इथेच विद्यार्थी AlCl₃ च्या प्रमाणात चुकतात. अल्किलीकरणात तो थोडा पुरतो, पण असायलीकरणात तयार झालेले कीटोन त्याला धरून ठेवते, म्हणून प्रत्येक मोल असायल क्लोराइडमागे तो एका मोलहून अधिक लागतो. ०.१० मोल, म्हणजे ९.२५ ग्रॅम, प्रोपेनॉइल क्लोराइड घेतल्यास ०.११ मोल, म्हणजे सुमारे १४.७ ग्रॅम, AlCl₃ घ्यावा. शेवटी मिश्रण बर्फ व HCl मध्ये ओतल्यावरच कीटोन त्या संकुलातून सुटते.

प्रमाण बरोबर असूनही काहीच घडले नाही, तर AlCl₃ च्या बाटलीवर संशय घ्यावा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की सैल झाकणाच्या बाटलीतली भुकटी गोळे धरते आणि पाण्याशी संयोग होऊन HCl बाहेर पडत राहतो. चांगल्या AlCl₃ ची चिमूट पाण्यात टाकली की जोरात चरचरते आणि धूर येतो. ती मुकाट्याने विरघळली, तर ती बाटली असायलीकरणाला उपयोगी नाही. जुन्या बाटलीत HCl चा दाब साठलेला असू शकतो, म्हणून झाकण नेहमी धूर-कपाटातच, चेहरा दूर ठेवून हळूहळू सैल करावे. बेंझीन कर्करोगकारक असल्याने ते हाताळण्याचे सर्व कामही त्याच कपाटात करावे.